वार्षिक सभेत वेबसाइटच्या खर्चाबद्दल बोलताना

नाशिक

प्रिय मित्रास, अनेक आशीर्वाद.

तुमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या वेबसाइटसाठी वार्षिक सर्वसाधारण सभेत तू करणार असलेल्या भाषणाचा मसुदा वाचला. पहिली दोन पाने वेबसाइट कशी दिसेल यावर आहेत आणि खर्च शेवटच्या ओळीत आहे. हा क्रम उलटा कर. अंदाजपत्रकाचा विषय हिशेबांनंतर येतो आणि तोवर सभासद थकलेले असतात, त्यामुळे किती पैसे मागतोस आणि ते दरवर्षी का लागतील, हे पहिल्या मिनिटात सांगितलेले बरे.

त्याआधी एक काम आहे. हा विषय सभेच्या नोटिशीत स्वतंत्रपणे छापून घे. नोटीस सभेच्या पूर्ण 14 दिवस आधी सभासदांना मिळावी लागते, म्हणून सेक्रेटरींना आजच भेट. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या सदरात पैशांची मागणी मांडली, तर कोणीतरी उठून विचारतो की हे आधी का कळवले नाही, आणि त्याचे म्हणणे बरोबरच असते.

आता आकडे. तू पाठवलेल्या कोटेशनप्रमाणे डोमेनचे 900 आणि होस्टिंगचे 3,600, असे 4,500 रुपये होतात. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 810 धरून 5,310. साइटची देखभाल करून सूचना आणि इतिवृत्ते चढवणाऱ्या मुलाचे वर्षाचे 6,000. एकूण 11,310. किरकोळ खर्चासाठी 210 धरून 11,520 माग, म्हणजे 64 सदनिकांना प्रत्येकी वर्षाला बरोबर 180 रुपये पडतील. हा खर्च कार्यालयीन स्वरूपाचा असल्याने सेवाशुल्कात बसतो आणि सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान असते. मोठ्या फ्लॅटवाल्यांना जास्त पडेल का, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. मात्र कोटेशनमधला होस्टिंगचा दर पहिल्या वर्षाच्या सवलतीचा आहे की नूतनीकरणाचा, हे लेखी विचारून घे. हा फरक पुष्कळदा दुपटीहून अधिक असतो, आणि आज कमी आकडा सांगून पुढच्या वर्षी तो वाढवावा लागला, तर सभा तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाही.

दरवर्षी का, हे पटवण्यासाठी आमच्या जुन्या सोसायटीत घडलेले सांग. तिथे वेबसाइट एकदाच वर्गणी काढून केली होती. डोमेन ज्याने साइट बनवली त्याच्या नावावर आणि त्याच्याच ईमेलवर होते. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या सूचना त्याला गेल्या, तो दुसऱ्या शहरात स्थायिक झाला होता, अंदाजपत्रकात तरतूद नसल्याने कोणाला आठवणही राहिली नाही, आणि एके सकाळी पत्ता टाकल्यावर आमच्या इतिवृत्तांऐवजी जाहिरातींचे पान उघडले. तोवरची कागदपत्रे फक्त तिथेच होती. मला आजही त्याचे वाईट वाटते, कारण मी तेव्हा समितीत होतो आणि एका ओळीच्या तरतुदीने ते टळले असते.

‘व्हॉट्सअॅप ग्रुप फुकट आहे की’ हा आक्षेप येणारच. त्याला विरोध करू नकोस. ग्रुप आजच्या निरोपासाठी उत्तम आहे, एवढे मान्य करून एक उदाहरण दे: तुमच्या इमारतीत नाशिकला फ्लॅट आणि नोकरी पुण्यात किंवा मुंबईत असे बरेच सभासद आहेत, त्यांच्यापैकी कोणाला नामनिर्देशनाचा फॉर्म किंवा मागच्या वर्षीचा टाकी दुरुस्तीचा ठराव हवा असेल, तर आज तो रात्री नऊ वाजता सेक्रेटरींना फोन करतो, आणि सेक्रेटरी कपाटातली फाइल काढून मोबाइलवर तिरका फोटो पाठवतात. नव्याने आलेल्या सभासदाला तर ग्रुपमधले जुने काही आपोआप दिसतही नाही. वेबसाइटमुळे नोटिसा द्यायच्या थांबतील, असे मात्र सांगू नकोस. उपविधींप्रमाणे नोटीस द्यावीच लागेल.

ज्येष्ठ सभासदांना खरी काळजी असेल ती माहिती बाहेर जाण्याची. थकबाकीदारांची नावे, फोन नंबर, गाड्यांचे नंबर साइटच्या उघड्या भागात कधीही येणार नाहीत आणि इतिवृत्ते सभासदांच्या लॉगिनमागे राहतील, हे त्यांनी विचारण्याआधी तूच सांग. हे भाषणातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे असे मी मानतो.

चार मिनिटांत थांब आणि ठराव स्वतः वाच: ‘सोसायटीच्या वेबसाइटसाठी चालू आर्थिक वर्षात रु. 11,520 पर्यंत खर्चास मंजुरी देण्यात येत आहे. डोमेन व होस्टिंग सोसायटीच्या नावे राहील, त्यांचे पासवर्ड सेक्रेटरी व खजिनदार या दोघांकडे राहतील आणि प्रत्यक्ष खर्च पुढील वार्षिक सभेत मांडला जाईल.’ सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेव. अनुमोदक समितीबाहेरचा असावा, शक्यतो बाहेरगावी राहणारा.

तुझा,
काका