सर्व्हेत “कचरा कोण टाकतं?” एवढंच विचारू नका

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विद्यार्थ्यांच्या घरी कामं कशी वाटली जातात आणि त्यांना त्याबद्दल काय वाटतं, याचा सर्व्हे करायचाय. प्रश्न कसे काढू?

उत्तर:

इंदूरला बी.ए.ला असताना मी असाच सर्व्हे केला होता. पहिला फॉर्म घरीच भरून घेतला. “कचरा कोण टाकतं?” यापुढे आईनेच लिहिलं, “बाबा.” ते खोटं नव्हतं. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की डबे घेऊन बाबाच खाली जायचे. पण ओला-सुका वेगळा करणं, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणं, ओल्या कचऱ्याचा डबा घासून उपडा ठेवणं हे सगळं आईकडे. बाबांची पाच मिनिटं, आईची वीस-पंचवीस, आणि फॉर्मवर काम बाबांच्या नावावर!

म्हणून एकेका कामाचे तुकडे पाडा. स्वयंपाक म्हणजे भाजी आणणं, निवडणं, शिजवणं, ओटा पुसणं, आणि उद्या काय करायचं ते आज ठरवणं. हा शेवटचा तुकडा हमखास राहून जातो, त्याला वेगळी ओळ द्या.

“सहसा कोण करतं?” असंही नको. त्यावर माणसं घरात जे असायला हवं ते लिहितात. “काल कोणी केलं?” असं विचारा. सरकारच्या 2019च्या वेळ-वापर सर्वेक्षणातही आदल्या दिवसाचे पहाटे 4 ते दुसऱ्या पहाटे 4 असे चोवीस तास अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारले होते. ज्यांनी त्या दिवशी स्वतःच्या घरचं काम केलं, त्यांपैकी बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं वेळ निघाला, पुरुषांचा 97. तुम्हाला एवढं जमणार नाही, पण कालची सकाळ 6 ते 10 आणि संध्याकाळ 6 ते 10 विचारली तरी पुष्कळ कळतं. रविवार आणि कामाचा दिवस मात्र एकत्र मोजू नका.

मतांचा भाग नाजूक आहे. “पुरुषांनी घरकामात मदत करावी का?” याला सगळे हो म्हणतात. शिवाय “मदत” म्हटलं की काम मुळात बाईचं, हे प्रश्नानेच ठरवून टाकलं. त्यापेक्षा एक प्रसंग द्या: “आईला ताप आहे, पाहुणे आलेत, मुलीची उद्या परीक्षा आहे आणि मुलगा मोकळा आहे. चहा कोणी करावा?” निम्म्या फॉर्मवर उलट, म्हणजे परीक्षा मुलाची आणि मुलगी मोकळी. एकाआड एक फॉर्म वाटा, उत्तरं मात्र दोन गठ्ठ्यांत मोजा. मोकळ्या मुलीला जितके जण उठवतात तितके मोकळ्या मुलाला उठवत नसतील, तर तो फरक म्हणजेच तुमचं उत्तर. थेट विचारून तो कोणी सांगत नाही.

होस्टेलवर राहणाऱ्यांना “काल” विचारून उपयोग नाही, त्यांचे फॉर्म बाजूला ठेवा. आणि जमलं तर पाच-सहा घरांतून विद्यार्थ्याचा एक आणि आईचा एक, असे दोन फॉर्म वेगवेगळे भरून घ्या. दोघांची उत्तरं जिथे जुळत नाहीत, त्या ओळींवर आधी खूण करा.