वायफाय जोडलेले दिसते, पण पान उघडत नाही: आधी डीएनएस पाहावे

प्रश्न: गेल्या आठवड्यात घरची ब्रॉडबँड कंपनी बदलली. नवा राउटर बसवताना वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवले. घरातले बाकी सगळे फोन व्यवस्थित चालतात, फक्त माझ्या ॲण्ड्रॉइड फोनवर वायफाय जोडलेले दिसते पण एकही पान उघडत नाही. मोबाईल डेटावर आणि मित्राच्या घरच्या वायफायवर हाच फोन उत्तम चालतो. मधूनच व्हॉट्सॲपचे मेसेजही येतात. राउटर बंद-चालू करून झाला. फोन रीसेट करावा का?

उत्तर: फोन रीसेट करू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून राउटर, कंपनीची लाइन आणि फोनचे हार्डवेअर या तिन्हींवरचा संशय जवळजवळ दूर होतो. माझा अंदाज असा, की तुमच्या फोनमध्ये या एका वायफायच्या नावाखाली जुन्या कंपनीचा डीएनएस पत्ता हाताने भरलेला आहे आणि तो अजून तसाच आहे. पण अंदाजावर विसंबून काही बदलण्यापूर्वी दोन मिनिटांची एक चाचणी करा, म्हणजे पुढचे काम आंधळेपणाने होणार नाही.

वायफायचे चिन्ह दिसते याचा अर्थ एवढाच, की फोन आणि राउटर यांची जोडणी झाली, पासवर्ड जुळला आणि फोनला आयपी पत्ता आहे. राउटरच्या पुढे काय चालले आहे, हे त्या चिन्हावरून कळत नाही. तुम्ही ब्राउझरमध्ये एखाद्या संकेतस्थळाचे नाव लिहिता, तेव्हा फोनला आधी त्या नावाचा आकडी पत्ता डीएनएस सर्व्हरकडून विचारून घ्यावा लागतो आणि त्यानंतरच पान मागता येते. त्या सर्व्हरने उत्तर दिले नाही, तर बाकी रस्ता पूर्ण मोकळा असूनही काहीही उघडत नाही. व्हॉट्सॲपचे मेसेज अधूनमधून येण्याचे कारणही यातच असावे. जी जोडणी एकदा उघडलेली आहे तिला पुन्हा नाव विचारावे लागत नाही आणि फोनने आधी विचारलेले पत्ते काही काळ लक्षातही ठेवलेले असतात. त्यामुळे काही ॲप चालू आणि ब्राउझर बंद, असे चित्र दिसले की मी सर्वांत आधी डीएनएसकडेच पाहतो.

आता चाचणी. आधी मोबाईल डेटा बंद करा. हे विसरू नका, कारण वायफायवरून इंटरनेट मिळत नाही असे वाटले की ॲण्ड्रॉइड गुपचूप मोबाईल डेटाकडे वळतो आणि मग आपण नेमके काय तपासतो आहोत तेच कळेनासे होते. त्यानंतर ब्राउझरच्या पत्त्याच्या चौकटीत पुढील पत्ता जसाच्या तसा लिहा:

```
https://8.8.8.8
```

हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा आकडी पत्ता असल्यामुळे येथपर्यंत पोहोचायला नाव विचारण्याची गरजच पडत नाही. पोहोचल्यावर तो सर्व्हर ब्राउझरला `dns.google` या नावाकडे पाठवतो. म्हणून चौकटीकडे नीट लक्ष ठेवा. आकड्यांच्या जागी `dns.google` हे नाव आले आणि त्यानंतर पान अडले, तर गोंधळून जाऊ नका, कारण तुम्हाला हवा तो पुरावा मिळाला आहे. तुमची विनंती गूगलपर्यंत गेली, तेथून उत्तर परत आले आणि गाडी अडली ती नाव आल्यावर. क्रोममध्ये अशा वेळी त्रुटीच्या पानावर `ERR_NAME_NOT_RESOLVED` किंवा `DNS_PROBE_` ने सुरू होणारी ओळ दिसते. याउलट आकडेच चौकटीत राहिले आणि बऱ्याच वेळाने `ERR_CONNECTION_TIMED_OUT` आले, तर बिघाड नुसत्या डीएनएसचा नाही. त्याबद्दल पुढे लिहितो.

वायफायच्या नावाखाली येणारी "इंटरनेट नाही" ही सूचना मात्र पुरावा म्हणून धरू नका. ॲण्ड्रॉइड ही तपासणी गूगलच्या एका ठरावीक नावावर छोटी विनंती पाठवून करतो, आणि ते नाव सोडवायलाही डीएनएसच लागतो. म्हणजे फक्त डीएनएस बंद असला तरी फोन इंटरनेटच नाही असे सांगून मोकळा होतो.

चाचणीने डीएनएसकडे बोट दाखवले, तर फोनमध्ये दोन जागा पाहायच्या आहेत. पहिली जागा म्हणजे `Private DNS`. डीएनएसचे प्रश्न सांकेतिक करून पाठवण्याची ही सोय ॲण्ड्रॉइड 9 पासून आहे आणि सेटिंग्जच्या शोधचौकटीत DNS लिहिले की सापडते. तिचे तीन पर्याय असतात: बंद, आपोआप आणि हाताने लिहिलेले सर्व्हरचे नाव. आपोआप हा पर्याय निरुपद्रवी आहे, कारण सांकेतिक जोडणी जमली नाही तर फोन साध्या डीएनएसवर परत येतो. तिसरा पर्याय मात्र हट्टी आहे. जाहिराती अडवण्यासाठी अनेक जण तेथे एखाद्या सेवेचे नाव लिहून ठेवतात आणि विसरून जातात. तो सर्व्हर मिळाला नाही तर फोन दुसऱ्या कोणाला विचारतच नाही. ही सेटिंग साऱ्या फोनला लागू असते, त्यामुळे ते नाव मुळातच चुकीचे असते तर तुमचा मोबाईल डेटाही चालला नसता. तो चालतो म्हणून मी हा संशय दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पूर्ण मात्र सोडत नाही, कारण ही जोडणी 853 क्रमांकाच्या पोर्टवरून जाते आणि एखाद्या जाळ्यावर तेवढेच पोर्ट बंद असू शकते. तेव्हा तेथे काही नाव लिहिलेले आढळले तर ते टिपून ठेवा आणि तात्पुरते आपोआप करून पाहा.

दुसरी जागा, आणि माझ्या मते खरी जागा, म्हणजे त्या वायफायची स्वतःची सेटिंग. वायफायच्या यादीत तुमच्या जाळ्याच्या नावासमोरचे चाक दाबा, संपादनाचे चिन्ह किंवा प्रगत पर्याय उघडा आणि `IP settings` शोधा. मेनूची रचना कंपनीगणिक बदलते, पण हे शब्द बहुधा हेच असतात. तेथे `DHCP` असेल तर सर्व पत्ते राउटर देतो आहे. `Static` असेल तर खाली आयपी पत्ता, `Gateway`, `DNS 1` आणि `DNS 2` अशा चौकटी हाताने भरलेल्या दिसतील. ॲण्ड्रॉइडवर नुसता डीएनएस बदलण्याची सोय वायफायच्या सेटिंगमध्ये सहसा नसते. त्यासाठी सगळेच `Static` करावे लागते, म्हणून पूर्वी वेग वाढवण्याच्या नावाखाली किंवा बसवायला आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून अनेकांनी हे करून ठेवलेले असते.

तुमच्या घरी काय घडले असावे ते आता जुळवून पाहा. समजा, जुन्या राउटरचा पत्ता 192.168.1.1 होता आणि नव्याचाही तोच आहे. फोनमध्ये आयपी 192.168.1.50, गेटवे 192.168.1.1 आणि `DNS 1` मध्ये जुन्या कंपनीच्या सर्व्हरचा पत्ता आहे. फोन ही सेटिंग वायफायच्या नावाबरोबर जपतो. तुम्ही नाव आणि पासवर्ड जुनेच ठेवल्यामुळे फोनला हे तेच जाळे वाटले आणि जुने सर्व आकडे त्याने पुन्हा वापरले. आयपी आणि गेटवे योगायोगाने जुळत असल्याने रस्ता उघडा राहिला. पण कंपन्यांचे डीएनएस सर्व्हर साधारणपणे फक्त आपल्या ग्राहकांनाच उत्तर देतात, कारण सर्वांसाठी खुला ठेवलेला सर्व्हर खोट्या पत्त्यांच्या आडून दुसऱ्यावर मारा करण्यासाठी वापरला जातो. तुम्ही आता त्या कंपनीचे ग्राहक नाही, म्हणून तुमचा प्रश्न नाकारला जातो किंवा त्याला उत्तरच मिळत नाही. घरातल्या इतर फोनना नवा राउटर स्वतः पत्ते देतो, म्हणून ते चालतात; आणि मित्राच्या वायफायचे नाव वेगळे असल्याने तेथे ही सेटिंग लागूच होत नाही.

याची खातरजमा करायची असेल तर त्याच वायफायवर विंडोजचा लॅपटॉप जोडून कमांड खिडकीत पुढील ओळ चालवा. शेवटचा आकडा केवळ नमुन्याचा आहे; त्याच्या जागी तुमच्या फोनमधला `DNS 1` लिहा.

```
nslookup example.com 203.0.113.53
```

`Query refused` आले तर सर्व्हर जिवंत आहे, पण तुम्हाला उत्तर देत नाही. `DNS request timed out` आले तर तिकडून उत्तरच आलेले नाही. फोनवरही हा फरक जाणवतो: पहिल्या प्रकारात त्रुटीचे पान लगेच येते, तर दुसऱ्यात गोल चक्र बराच वेळ फिरत राहते.

येथे एक फसवी गोष्ट आहे. `Private DNS` मध्येही नाव लिहिलेले असेल, तर त्या नावाचा पत्ता शोधायला फोन आधी याच `DNS 1` कडे जातो. तो गप्प असला की पडद्यावर `Private DNS server cannot be accessed` असे येते आणि माणूस बिचारा भलत्याच सेवेला दोष देत बसतो. म्हणून एक जागा सुधारून काम झाले नाही तरी दुसरी पाहिल्याशिवाय थांबू नका.

मृत डीएनएस पत्ता यंत्रात राहून गेला की काय होते, याचा मोठा दाखला 2012 मध्ये दिसला. डीएनएसचेंजर नावाच्या घातक प्रणालीने लाखो संगणकांतले डीएनएस पत्ते बदलून टाकले होते. एफबीआयने ते सर्व्हर ताब्यात घेतल्यावर त्यांच्या जागी तात्पुरते पर्यायी सर्व्हर चालवण्यात आले, आणि 9 जुलै 2012 रोजी तेही बंद झाले. त्या दिवसापर्यंत ज्यांनी जुना पत्ता काढला नव्हता, त्यांच्या यंत्रांना संकेतस्थळांची नावे सोडवून देणारे कोणी उरले नाही. तुमच्या फोनमधले कारण अर्थातच निरागस आहे.

उपाय सोपा आहे. `IP settings` मध्ये `Static` च्या जागी `DHCP` निवडा, जतन करा आणि वायफाय एकदा बंद करून चालू करा. जाळे विसरायला लावून पासवर्ड पुन्हा टाकला तरी तोच परिणाम होतो, मात्र मग मूळ आकडे पाहायला मिळत नाहीत, म्हणून आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. वेगळा डीएनएस हवाच असेल, तर तो राउटरच्या `DHCP` सेटिंगमध्ये भरावा, म्हणजे घरातल्या सर्व उपकरणांना एकसारखा मिळतो आणि पुढच्या वेळी कंपनी बदलताना एकच जागा पाहावी लागते. हाताने दिलेल्या आयपीचा आणखी एक त्रास असतो: राउटर तोच पत्ता दुसऱ्या उपकरणालाही देऊ शकतो आणि मग दोघांचीही जोडणी अधूनमधून तुटते.

चाचणीत आकडी पत्ताही उघडला नसेल, तर घरातल्या चालणाऱ्या फोनवर त्याच वायफायच्या तपशिलात `Gateway` पाहा. तेथे 192.168.29.1 आणि तुमच्या फोनमध्ये 192.168.1.1 असे काही निघाले, तर तुमचा फोन अस्तित्वातच नसलेल्या दाराशी उभा आहे. उपाय तरीही `DHCP` हाच. दोन्ही आकडे सारखे असतील, तर पडद्यावर वरच्या पट्टीत किल्लीचे चिन्ह आहे का ते बघा, कारण व्हीपीएन आणि जाहिराती अडवणारी काही ॲप सारी वाहतूक स्वतःकडे वळवून घेतात. तेही नसेल तर राउटरमध्ये तुमच्या फोनवर बंदी घातली गेली आहे का, हे बसवून गेलेल्या माणसाला विचारावे लागेल.