अडतीचा रकाना खाली ओढल्यावर का चुकतो

अडतीचं सूत्र पहिल्या ओळीत बरोबर येतं, खाली ओढल्यावर चुकतं, असं तुम्ही विचारलंत. सांगलीच्या हळदीच्या पट्टीच्या एक्सेल शीटमध्ये B मध्ये क्विंटल, C मध्ये दर, F1 मध्ये अडत ३% आहे ना? तुमचं =B2*C2*F1 पहिल्या ओळीत बरोबरच येणार: १० क्विंटल, दर १५,०००, अडत ४,५००. खाली ओढलं की B3, C3 हवेच आहेत, पण F1 चंही F2 होतं. F2 रिकामा असेल तर शून्य दिसतं, चूक लगेच कळते. तिथं हमालीचा आकडा असला तर मात्र भलतीच रक्कम येते. ती जास्त घातक!

सूत्रातल्या F1 वर कर्सर ठेवून कीबोर्डवरचं F4 बटण दाबा:

```
=B2*C2*$F$1
```

मग पुन्हा खालपर्यंत ओढा. नवखे घाबरून B2, C2 लाही डॉलर लावतात. मग प्रत्येक शेतकऱ्याला पहिल्याचीच अडत. शेवटच्या ओळीत F2 बटण दाबून रंगीत चौकट F1 वरच आहे का बघा.