मॉक इंटरव्ह्यूला ३० पैकी २४ गुण, तरी नोकरी नाही

*सर, मी बी.कॉम. झाले असून वर्षभर एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली आहे. तयारीसाठी माझ्या मावसभावाने मॉक इंटरव्ह्यू घेतला. तो पुण्यात आयटीत आहे. उत्तरं, बॉडी लँग्वेज आणि तयारी यांना प्रत्येकी १० असे गुण त्याने दिले: ८, ९ आणि ७. मुलाखतीत ९३ टक्के महत्त्व बॉडी लँग्वेजला असतं, तुझी उत्तम आहे, असंही तो म्हणाला. पण याआधी दोन कंपन्यांतून मला नकार आला आहे. मॉकचा व्हिडिओ आणि जागेची जाहिरात पाठवते. तुम्ही गुण देऊन पाहाल का? – एक विद्यार्थिनी, कोल्हापूर*

व्हिडिओ मी आधी स्क्रीन उलटी ठेवून नुसता ऐकला. उत्तरांचे गुण लिहून झाले, मग आवाज बंद करून पाहिला. तयारीचे गुण शेवटी, जाहिरात शेजारी ठेवून दिले. हा क्रम मुद्दाम ठेवतो. माणूस समोर नीट बसला, हसून बोलला की त्याचं उत्तरही आपल्याला बरं वाटू लागतं. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले, तेव्हा त्याला हेच दिसलं होतं. एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पडते. तुझ्या भावाच्या कागदावर ९ चा उजेड ८ आणि ७ वर पडला आहे.

माझी बेरीज १०० पैकी ५१ आली. घाबरू नकोस, कुठे किती गेले ते बघ.

उत्तरांना मी ५० गुण ठेवतो, तयारीला ३५, देहबोलीला १५. हिशेबाच्या नोकरीला हे प्रमाण मला योग्य वाटतं. रिसेप्शनची किंवा विक्रीची जागा असती तर देहबोलीला जास्त दिले असते. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण, आणि प्रत्येक आकड्यासमोर तू उच्चारलेलं एक तरी वाक्य लिहायचं. वाक्य लिहिता आलं नाही तर तो गुण नव्हे, नुसतं मत.

‘स्वतःबद्दल सांगा’ याला २. वडिलांचं नाव, गाव, दहावीचे टक्के, छंद असं सगळं पाठ केलेलं आलं आणि टॅक्स कन्सल्टंटकडचं काम अगदी शेवटी, एका वाक्यात. तिथूनच सुरुवात हवी होती. कोणत्या प्रकारच्या व्यापाऱ्यांची खाती सांभाळतेस, महिन्याला काय काय भरतेस, टॅलीत कुठपर्यंत स्वतः करतेस.

टीडीएसच्या प्रश्नाला ५. कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा आणि मार्चमधला ३० एप्रिलपर्यंत, हे दोन्ही न अडखळता सांगितलंस. भावाने यावर मानही हलवली नाही, कारण उत्तर बरोबर आहे की चूक हे त्याला कळलं नसावं. आयटीतल्या माणसाने अकाउंट्सचा मॉक घेतला की हीच अडचण होते. त्याला ओघ कळतो, मजकूर कळत नाही.

‘तुमची एखादी चूक सांगा’ याला १. ‘मी फारच परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर अकाउंट्स हेडने शेकडो वेळा ऐकलेलं असतं. त्याला जाणून घ्यायचं असतं ते एवढंच, की एंट्री चुकली तर ही मुलगी ती दाबून ठेवेल की त्याच दिवशी सांगेल.

आता तो प्रश्न, ज्यासाठी हा सगळा व्हिडिओ पाहण्यासारखा आहे. पुरवठादाराचं बिल आपल्या वहीत आहे, पण पुरवठादारांच्या रिटर्नवरून तयार होणाऱ्या जीएसटीआर-२बी या यादीत दिसत नाही, तर काय कराल? तुझं पहिलं उत्तर इंग्रजीत होतं: रिकन्सिलिएशन करीन आणि सीनियरला कळवीन. तिथेच थांबली असतीस तर २ दिले असते. भावाने ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारलं, तेव्हा तेच वाक्य पुन्हा आलं. त्याने आणखी एकदा विचारलं आणि तू मराठीत आलीस. हार्डवेअरच्या एका दुकानदाराचं बिल सापडत नव्हतं. तू पुरवठादाराला फोन केलास, त्याने जीएसटी नंबरचा एक आकडा चुकीचा टाकला होता, आणि पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये त्याने दुरुस्ती केली. हे ४ गुणांचं उत्तर आहे. मी ३ दिले आणि शेजारी लिहिलं, ‘दोनदा खोदावं लागलं’. सराव घेणारा घरचा असतो म्हणून खोदतो. खरी मुलाखत घेणाऱ्याच्या बाहेर आणखी उमेदवार बसलेले असतात, तो पहिल्या उत्तरावरच पुढे सरकतो. तुझे दोन नकार इथेच झाले असतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पगाराचा आकडा, रोजचा प्रवास, कुणाची ओळख, नकाराला कारणं अनेक असतात. पण व्हिडिओत दिसणारं सगळ्यात महाग नुकसान हेच आहे.

पूर्ण ५ कशाला मिळाले असते तेही सांगतो. आधी बिल नंबर, तारीख आणि जीएसटी नंबर ताडून पाहायचा. मग पुरवठादाराने रिटर्न भरलं आहे का ते पाहायचं. दर महिन्याला भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारखेला संपते आणि २बी १४ तारखेला तयार होतं. त्यामुळे उशिरा भरणाऱ्याचं बिल पुढच्या महिन्यात उगवतं. तिमाही भरणारा असेल तर आणखी उशीर होऊ शकतो. तोवर त्या बिलावरच्या कराचं क्रेडिट २० तारखेच्या जीएसटीआर-३बी या कर भरायच्या रिटर्नमध्ये घ्यायचं नाही, बाकी राहिलेल्या बिलांची वेगळी यादी ठेवायची, आणि त्या पुरवठादाराचं पेमेंट सोडण्याआधी रक्कम सीनियरच्या कानावर घालायची. या पायऱ्या सांगून मग हार्डवेअरवाल्याचा किस्सा जोडलास की झालं. यातलं तुला न येणारं फारसं काही नाही.

इथे भाषेचं एक. मॉक इंग्रजीत घ्यायचा हट्ट कुणाचा होता ठाऊक नाही, पण शिरोलीच्या फाउंड्रीत अकाउंट्सची मुलाखत बहुधा मराठीतच होते, इंग्रजी शब्द पेरलेल्या मराठीत. इंग्रजी मेल लिहिता येतो का हे त्यांना पाहायचं असेल तर ते लिहून घेतील. तू दोन्ही भाषांत सराव कर. इंग्रजीत अडलीस तर ‘मराठीत सांगते’ म्हणायला लाजू नकोस.

उत्तरांचे असे २० पैकी ११, म्हणजे ५० पैकी साडेसत्तावीस.

देहबोलीवर मी फार रेंगाळणार नाही. ५ पैकी ४, म्हणजे १५ पैकी १२. आकडे आठवताना तू नजर खाली टेबलाकडे नेतेस, याचे मी गुण कापले नाहीत. विचार करताना माणूस नजर हलवतोच, आणि सतत डोळ्यांत डोळे घालून ठेवणं उलट समोरच्याला जड जातं. कापलेला एक गुण दुसऱ्या गोष्टीचा आहे. वाक्याच्या शेवटी तुझा आवाज विरतो आणि मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘क्रेडिट घेतलं’ की ‘क्रेडिट घेतलं नाही’, हे एके ठिकाणी मला तीनदा मागे जाऊन ऐकावं लागलं. हिशेबाच्या माणसाला हे परवडणारं नाही.

आणि ते ९३ टक्के विसरून जा. हा आकडा अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला आहे. सुटे शब्द, बोलण्याचा सूर आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल, तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढंच त्यांनी तपासलं होतं. टीडीएसची तारीख सूर आणि चेहऱ्यावरून कुणाला कळत नाही.

तयारीचे गुण सगळ्यात कमी आहेत, १५ पैकी ५. मी तीन जागा पाहतो: कंपनीबद्दल काय सांगितलं, जाहिरातीतलं काम उत्तरांत आलं का, आणि शेवटी उमेदवाराने काय विचारलं. कंपनीबद्दल वेबसाइटवरचीच वाक्यं आली, स्थापना, दर्जा, ग्राहकांचं समाधान, म्हणून २. जाहिरातीत पाच कामं आहेत: पर्चेस बिलांची एंट्री, २बी ची जुळवणी, बँक रिकन्सिलिएशन, जॉब वर्कची चलनं आणि टॅली प्राइम. यातल्या दोनच गोष्टी तुझ्या तोंडून आल्या, म्हणून पुन्हा २. शेवटी ‘काही विचारायचं आहे?’ याला ‘नाही सर’, म्हणून १. पस्तिसाच्या हिशेबाने हे साधारण ११.७ होतात.

जॉब वर्क हा शब्द तू एकदाही उच्चारला नाहीस आणि फाउंड्रीचा अर्धा जीव त्यातच असतो. ओतलेलं कास्टिंग मशीनिंगसाठी बऱ्याचदा बाहेरच्या शॉपकडे जातं. ही विक्री नसते, म्हणून माल टॅक्स इन्व्हॉइसवर न जाता डिलिव्हरी चलनावर जातो. तो एका वर्षात परत यायला हवा, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो. या मालाची माहिती आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये द्यावी लागते, वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. तुझ्या कन्सल्टंटकडे एखादा तरी इंजिनिअरिंगवाला क्लायंट असेल, त्याची फाइल मागून बघ. मग मुलाखतीच्या शेवटी विचारता येईल, ‘मशीनिंगला गेलेल्या मालाचा हिशेब स्टोअर ठेवतं की अकाउंट्स? परत आलेले नग आणि चलनावरचे नग जुळले नाहीत तर कोण पाहतं?’ हा प्रश्न ऐकून समोरचा माणूस खुर्चीत जरा पुढे सरकेल, कारण महिनाअखेरीला त्याची डोकेदुखी तीच असते. एवढ्या एका प्रश्नाने शेवटच्या जागेचे १ चे ४ होतात.

पुढचा मॉक भावाऐवजी तुमच्या ऑफिसातल्या सीनियरला घ्यायला सांग. नोकरी शोधतेस हे त्यांना कळू द्यायचं नसेल, तर ऑडिटला येणाऱ्या, सीए शिकणाऱ्या एखाद्या आर्टिकलला विचार. त्याला जाहिरात दे आणि तीनच गोष्टी सांग: प्रत्येक उत्तरानंतर लगेच आकडा लिही, आकड्यासमोर माझं वाक्य लिही, आणि मला खोदू नकोस. पहिल्या उत्तरात जे येईल तेवढ्यालाच गुण. भावाला हवं तर आवाज बंद करून व्हिडिओ पाहू दे, देहबोलीचे १५ त्याच्याकडेच राहू देत.

‘एखादी चूक सांगा’ या प्रश्नासाठी खरी चूक आजच शोधून ठेव. वर्षभरात एखादी तरी एंट्री दोनदा पडली असेल, एखादं बिल चुकीच्या लेजरला गेलं असेल. कधी लक्षात आलं, कुणाला सांगितलं, कशी उलटवली, चार वाक्यांत बसव. नवे आकडे आले की कळव. जाहिरातीतली शेवटची तारीख २० आहे, तेव्हा अर्ज त्याआधीच पाठव. मॉकसाठी थांबू नकोस.