यूट्यूब व्हिडिओचे पहिले दहा सेकंद: शेंगा चटणीच्या निमित्ताने

प्रश्न: माझं सोलापुरी पदार्थांचं यूट्यूब चॅनेल आहे. शेंगा चटणीच्या व्हिडिओवर लोक येतात आणि सुरुवातीलाच निघून जातात. दहा सेकंदांत संपेल असा इंट्रो कसा लिहायचा? आणि नमस्कार-चमत्कार न करता एकदम सुरू केलं तर उद्धट वाटणार नाही का?

उत्तर:

उद्धट वाटत नाही. चाटी गल्लीत गिऱ्हाईक पायरी चढलं की दुकानदार आधी चादरीची घडी उलगडतो. 'या, बसा, कुठून आलात' हे सगळं घडी उलगडता उलगडता चालू असतं, आणि त्याला कुणी उद्धट म्हणत नाही. तुमच्या व्हिडिओतही नमस्कार राहू द्या, फक्त त्याची जागा बदला.

मी सोलापुरातच चॅनेलवाल्यांना स्क्रिप्ट लिहून आणि व्हिडिओ एडिट करून देतो. खाण्याच्या चॅनेलची स्क्रिप्ट हातात पडते तेव्हा तिची सुरुवात बहुतेक वेळा अशी असते:

"नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? मजेत ना? आज मी तुमच्यासाठी घेऊन आले आहे एक अतिशय खमंग, झणझणीत आणि सगळ्यांची आवडती रेसिपी. आपल्या सोलापूरची शेंगा चटणी म्हणजे एकदम भारी, हे तर तुम्हाला माहीतच आहे. चॅनेलवर नवीन असाल तर सबस्क्राइब करा, शेजारची घंटी दाबा, व्हिडिओ शेवटपर्यंत बघा. चला तर मग, वेळ न घालवता सुरुवात करूया."

हे सावकाश, हसून बोललं की अर्धं मिनिट सहज जातं. त्यावर फिरणारा लोगो आणि त्याची धून. 'वेळ न घालवता' हे शब्द येईपर्यंत जायचा तो वेळ गेलेला असतो. आणि या सगळ्यात बघणाऱ्याला नवीन काय कळलं? काहीच नाही. शेंगा चटणी आहे हे त्याने शीर्षकात वाचलं, ती भारी असते म्हणूनच तर तो आला.

इंट्रो लिहायला बसाल तेव्हा इथूनच सुरुवात करा. शीर्षक आणि थंबनेल बघून माणूस आत आलाय, तेव्हा त्यांनी सांगितलेलं परत सांगायचं नाही. पहिल्या दहा सेकंदांत त्याला दोन गोष्टी हव्या असतात. आपण बरोबर ठिकाणी आलो का, आणि इथे थांबलो तर मला काय करता येईल? म्हणून कॅमेरा लावण्याआधी कागदावर एक वाक्य पूर्ण करा: 'हा व्हिडिओ बघून झाल्यावर बघणाऱ्याला अमुक करता येईल, जे आत्ता त्याला जमत नाही.' यातलं 'अमुक' धड लिहिता येत नसेल तर अडचण इंट्रोची नाही, व्हिडिओचीच आहे. अशा वेळी मी स्क्रिप्ट परत पाठवतो.

तुमच्या चटणीवर हे करून बघू. सोलापूरबाहेर राहणाऱ्या बाईची खरी अडचण कोणती? तिच्याकडे उखळ नाही. मिक्सरमध्ये केली की चटणीचा कोरडा भुगा होतो, तेल सुटत नाही. भुगा नको म्हणून ती मिक्सर सलग फिरवत बसते, तर दाण्यांचं लोणी होऊन भांड्याच्या तळाशी बसतं. मग शेवटी वरून तेल ओतते. म्हणजे तुमचं वाक्य असं होईल: हा व्हिडिओ बघून तिला मिक्सरमध्येच, वरून तेल न घालता, तेल सुटलेली चटणी करता येईल. कारण तुम्ही तिला थांबत थांबत फिरवायला आणि नेमकं कुठे थांबायचं ते दाखवणार आहात.

आता हे बोलण्याच्या भाषेत आणा. माझी पहिली प्रत साधारण अशी झाली असती: 'मिक्सरमध्ये केलेली शेंगा चटणी भुग्यासारखी कोरडी होते ना? ही बघा, ही मिक्सरचीच आहे, वरून तेलाचा थेंबही घातलेला नाही, तरी मुठीत दाबली की लाडू वळतोय. सगळा फरक आहे तो भाजण्यात आणि मिक्सर कुठे थांबवायचा त्यात.' अर्थ बरोबर आहे, पण शब्द तिसाच्या वर गेले. कॅमेऱ्यासमोर स्पष्ट, धाप न लागता मराठी बोलताना सेकंदाला दोन-सव्वादोन शब्द होतात. म्हणजे दहा सेकंदांत वीस ते बावीस शब्द बसतात. जास्त कोंबले की बोलणं बातम्या वाचल्यासारखं होतं. म्हणून छाटायचं:

"मिक्सरमध्ये शेंगा चटणीचा कोरडा भुगा होतो? ही बघा, मिक्सरचीच. वरून तेल नाही, तरी मुठीत लाडू वळतोय. फरक मिक्सर कधी थांबवायचा, एवढाच."

एकवीस शब्द. 'भाजण्यात' गेलं, कारण दोन कारणं सांगितली की एकही लक्षात राहत नाही. भाजण्याचं पुढे ओघात येईलच. 'खमंग', 'झणझणीत' गेले, कारण ते कुठल्याही चटणीला लागतात. राहिली अडचण, पुरावा आणि उत्तर कुठे दडलंय त्याची दिशा. दिशाच सांगायची, उत्तर नाही. 'मिक्सर तीन-तीन सेकंदच फिरवा' असं इंट्रोतच सांगून टाकलंत तर बघणारा धन्यवाद म्हणून निघून जाईल.

हे म्हणत असताना पडद्यावर तुमचा चेहरा नको, मूठ हवी. चटणी मुठीत घ्या, दाबा, मूठ उघडा. वळलेला लाडू आणि बोटांना लागलेली तेलाची तकाकी दिसली पाहिजे. हा शॉट शूटिंगच्या शेवटी मिळतो. तो उचलून सुरुवातीला लावायचा. मोबाइलवर होम फीडमध्ये व्हिडिओ बऱ्याचदा आवाजाशिवाय आपोआप चालू होतो, तेव्हा तुमचं बोलणं ऐकूच जात नाही. त्यासाठी पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात मोठ्या अक्षरात चार-पाच शब्द टाका: 'मिक्सरची चटणी, वरून तेल नाही'. खालची बाजू सबटायटल आणि वेळेच्या पट्टीसाठी मोकळी सोडा.

नमस्काराची वेळ याच्यानंतर येते. "नमस्कार, मी अमुक, सोलापूरहून" आणि हे म्हणताना हात कढईकडे गेलेला असला पाहिजे. इंट्रो संपल्यावर लगेच पहिलं काम दिसायला हवं, म्हणजे शेंगदाणे कढईत. इथेच बरेच जण परत घसरतात: दहा सेकंद चोख बोलतात आणि मग साहित्याचं ताट दाखवत मिठापासून लसणापर्यंत एकेका वाटीची ओळख करून देतात. लोगो ठेवायचाच असेल तर कोपऱ्यात छोटा ठेवा. सबस्क्राइबचं म्हणाल तर चटणी जमून आलेली दिसली की मग मागा. तोवर तुम्ही काहीतरी दिलेलं असतं, त्यामुळे मागताना संकोच वाटत नाही आणि समोरच्यालाही ते खटकत नाही.

आता हे चाललं की नाही ते कसं कळणार? कॉमेंटवरून कळत नाही, कारण निघून गेलेला माणूस कॉमेंट करत नाही. YouTube Studio मध्ये त्या व्हिडिओचं Analytics उघडा. तिथे Audience retention चा आलेख असतो आणि पहिल्या 30 सेकंदांनंतर किती टक्के लोक टिकले तेही दिसतं. हे आकडे यायला एक-दोन दिवस लागतात, अपलोड केल्या रात्री रिफ्रेश करत बसू नका. आणि शंभरेक व्ह्यूजवर निष्कर्ष काढू नका. त्यातले निम्मे तर नातेवाईक असतात.

टक्क्यांपेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलतो. पहिल्या दोन-चार सेकंदांतच कडा कोसळल्यासारखी रेघ खाली आली, तर माणूस आत आला आणि त्याला शीर्षकातली गोष्ट दिसली नाही असं समजा. तिथे शीर्षक किंवा थंबनेल बदलावं लागेल, इंट्रो कितीही घासला तरी उपयोग नाही. दहा सेकंद रेघ बऱ्यापैकी धरून राहिली आणि पंधराव्या-विसाव्याला उतरली, तर वचन पटलं पण काम सुरू झालं नाही. आणि तुमच्या जुन्या व्हिडिओत बहुधा तिसराच आकार दिसेल: सुरुवातीला खोल खड्डा, आणि जिथे कढई गॅसवर चढते तिथे रेघ पुन्हा वर. लोक तुमचा नमस्कार बोटाने पुढे सरकवून थेट कढईवर येतात. असा उंचवटा दिसला तर व्हिडिओ खरा कुठे सुरू व्हायला हवा होता ते प्रेक्षकांनीच दाखवून दिलं असं समजा.

सगळ्याच व्हिडिओंना वाक्यात वचन द्यावं लागत नाही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेचा व्हिडिओ असेल तर बोलण्यापेक्षा आधी नंदीध्वज दिसू दे. तिथेही 'संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा जवळून' एवढं एक वाक्य लागतंच, पण पुराव्याचं काम दृश्यच करतं. चॅनेलच्या मुख्यपानावर, सबस्क्राइब न केलेल्यांसाठी जो ट्रेलर लावता येतो, त्याचा हिशोब मात्र वेगळा. तिथे एका चटणीचं नाही, सगळ्या चॅनेलचं वचन लागतं: कोणासाठी, काय आणि कधी. 'सोलापुरी घरातले जिन्नस, तुमच्या गॅस-मिक्सरवर, दर गुरुवारी' इतकं पुरे. पण दर गुरुवारी जमणार नसेल तर वार सांगू नका.

जुना व्हिडिओ काढून नवा टाकायची घाई करू नका. कॉम्प्युटरवर YouTube Studio च्या Editor मध्ये Trim & cut आहे. त्याने नमस्काराचा भाग कापता येतो. लिंक, व्ह्यूज आणि कॉमेंट तशाच राहतात. फक्त बदल लागू व्हायला काही तास जाऊ शकतात, आणि 1 लाखाच्या वर व्ह्यूज असलेल्या व्हिडिओत, चॅनेल पार्टनर प्रोग्रॅममध्ये नसेल तर, असा बदल सेव्ह होईलच असं नाही. कापल्यावर डिस्क्रिप्शनमधल्या वेळा तेवढ्याच मागे सरकतात, त्या हाताने दुरुस्त करा. मुठीचा शॉट मात्र Editor मधून सुरुवातीला आणता येणार नाही. तिथे फक्त कापता येतं, तुकडा इकडचा तिकडे लावता येत नाही. तो पुढच्या चटणीला.