पुरण आणि सासूबाईंचा अंदाज

"होळीला पुरण धाकटीकडे," सासूबाईंनी जाहीर केलं आणि धाकटीचा चेहराच उतरला. लग्न मार्गशीर्षातलं, म्हणजे या घरात येऊन जेमतेम तीन महिने. थोरल्या जाऊबाईंनी तिला कोठीच्या खोलीत ओढलं.

"हे बघ, डाळ किती घेऊ असं त्यांना विचारू नकोस. 'अंदाजाने' म्हणतील, आणि तो अंदाज त्यांच्या मुठीतला. तुझी मूठ केवढीशी! आपण बारा माणसं. किलोभर हरभऱ्याची डाळ घे, तितकाच गूळ. मामंजी गोडाचे, चिरतानाच त्यांना एक खडा दे, म्हणजे स्वयंपाकघरात फेऱ्या मारणार नाहीत. डाळ बोटांनी चुरडली जाईल इतकी शिजली की चाळणीवर उपस. खालचं पाणी ओतून दिलंस तर मात्र घरात महाभारत होईल. तो कट, त्याचीच आमटी. गूळ घातला की पुरण आधी पातळ होतं. घाबरायचं नाही, हलवत राहायचं. उलथणं मधोमध उभं राहिलं की झालं. आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढ, गार झाल्यावर खांदे भरून येतात."

"आणि पोळी फुटली तर?"

"पहिली फुटकी तव्यावरून थेट माझ्या ताटात, कुणाला कळायला नको. कणीक सैल मळ, तेल लावून तासभर झाकून ठेव. तरीही फुटायला लागल्या, तर पुरण ओलं राहिलंय असं समज आणि पुन्हा आटव."

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "कसली खलबतं चालली आहेत गं?"

"जायफळ शोधतोय!" दोघी एकदमच म्हणाल्या.