मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी महिन्याला किती टाकायचं, उलटा हिशोब कसा करायचा?

प्रश्न: मी उद्यमबागेत नोकरीला आहे, घर खानापूर रोडला. मुलगी आता 6 वर्षांची. आज इंजिनिअरिंगला चार वर्षांचा हॉस्टेलसकट 8 लाख खर्च येतो म्हणतात. एक लाखाची एफडी आहे. 12 वर्षांनी पैसे हाताशी पाहिजेत तर आतापासून दरमहा किती टाकावे लागतील? कोणी 3000 म्हणतंय, कोणी 10000.

उत्तर:

तुम्हाला 3000 आणि 10000 सांगणारे दोघंही हिशोबात चुकले नसणार, फक्त दोघांनी वेगळं काहीतरी धरलंय. मी टिळकवाडीत लोकांचे इन्कम टॅक्सचे कागद बघतो, तिथं हा प्रश्न सारखा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

3000 वाल्यानं बहुतेक 8 लाख हाच आकडा धरून हप्ता काढलाय. पण 8 लाख हा आजचा खर्च आहे आणि फी तर तुम्ही 12 वर्षांनी भरणार. म्हणून पहिलं काम म्हणजे ध्येय त्या वर्षाच्या किमतीत न्यायचं. फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला 8 टक्के वाढेल असं धरू, हा अंदाजच आहे पण मी शिक्षणाला याच्या खाली धरत नाही. एक्सेल किंवा मोबाईलवरच्या गुगल शीटमध्ये असं टाका:

```
=800000*1.08^12
```

उत्तर साधारण 20 लाख 14 हजार. आपण 20 लाख धरू. इथंच निम्म्याहून जास्त लोक अडकतात, कारण 8 चे 20 झालेले मनाला पटत नाहीत, पण दहाबारा वर्षांपूर्वी शाळेची फी किती होती ते शेजारच्या कोणाला विचारा म्हणजे पटेल.

दुसरं, एफडी. ती मोडायची नसेल तर टॅक्स कापून 6 टक्के धरा, 12 वर्षांत एक लाखाचे दोन लाख होतात. हे दोन लाख ध्येयातून वेगळे वजा करायचे, कारण एफडी एका दरानं वाढते आणि एसआयपी, म्हणजे इक्विटी फंडात दरमहा जाणारा हप्ता, दुसऱ्या दरानं, दोन्ही एकाच सूत्रात कोंबलं की आकडा चुकतो. राहिले 18 लाख. (आणि त्या एफडीला आता दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही, लावला तर हे दोन लाख परत ध्येयात मिळवा.)

आता महिन्याचा हप्ता. 12 वर्षं म्हणजे 144 हप्ते, परतावा 10 टक्के धरला, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला जातोय:

```
=PMT(0.10/12,144,0,-1800000,1)
```

उत्तर येतंय 6,457 रुपये. शेवटचा 1 म्हणजे हप्ता महिन्याच्या सुरुवातीला, आणि 18 लाखाच्या आधी वजा चिन्ह टाकलंय ते फक्त उत्तर धन यावं म्हणून.

आता हे 10 टक्के कुठून आणले ते बघा, कारण सगळा खेळ या एका आकड्यावर आहे. परतावा बाजार ठरवतो, आपण फक्त धरतो. वेबसाईटवरचे कॅल्क्युलेटर बरेचदा 12 टक्के भरूनच देतात, त्यानं हप्ता 5,600 च्या आसपास दिसतो आणि माणूस खूश होतो. मी 10 च धरतो कारण शेवटची दोनतीन वर्षं पैसे इक्विटीतून काढून एफडी किंवा डेट फंडात न्यावेच लागतात, नाहीतर ॲडमिशनच्या वर्षी बाजार पडला तर हाती काही उरत नाही, आणि तिथं परतावा कमी असतो म्हणून सरासरी खाली येते. 8 टक्के धरून बघितलं तर हप्ता 7,435 होतो, तेवढी तयारी मनात ठेवा.

आपल्याकडं बरेच जण रोजच्या पिग्मीवर विश्वास ठेवतात, दुकानात येऊन पैसे नेतात म्हणून सोयीची वाटते. 6,457 म्हणजे दिवसाला 215 रुपये, तेवढे पिग्मीत टाकले तर चालेल का? समजा पिग्मीवर तीन टक्के मिळतात, तर त्याच 18 लाखासाठी महिन्याला 10,374 टाकायला लागतील. तुम्हाला 10000 सांगणारा बहुतेक असा हिशोब करत असणार. पिग्मी महिन्याचे पैसे गोळा करायला वापरा, 12 वर्षं तिथं ठेवू नका.

6,457 आज पगारातून निघत नसतील तर दरवर्षी हप्ता वाढवायचा. वर्षाला 5 टक्के वाढवला तर सुरुवात 5,155 नं करता येते आणि बाराव्या वर्षी हप्ता 8,800 च्या आसपास जातो. 10 टक्के वाढवला तर सुरुवात फक्त 4,050, पण बाराव्या वर्षी 11,560. उद्यमबागेतल्या पगारात दरवर्षी 10 टक्के वाढ मिळेलच असं नाही, म्हणून मी तुमच्या जागी 5 वालाच घेतला असता. सुरुवातीचा आकडा जितका लहान तितकं ओझं शेवटच्या वर्षांवर, जेव्हा कॉलेजचाही खर्च सुरू होणार असतो.

आणि हे एकदा काढून विसरायचं नाही. दरवर्षी एप्रिलमध्ये तेच सूत्र परत चालवा, फक्त जमलेली रक्कम आणि राहिलेले महिने त्यात घाला. 6,457 चा सरळ हप्ता चालू असेल तर पाच वर्षांनी साधारण 5 लाख 4 हजार जमलेले पाहिजेत. समजा बाजार मंद होता आणि 4 लाख 20 हजारच दिसतायत, राहिले 84 महिने:

```
=PMT(0.10/12,84,420000,-1800000,1)
```

उत्तर 7,844. म्हणजे तिथून पुढं हप्ता सुमारे 1,400 नं वाढवायचा, किंवा जवळचं कॉलेज घेऊन ध्येय कमी करायचं. पाचव्या वर्षी कळलं तर 1,400 मध्ये भागतंय, दहाव्या वर्षी कळलं तर मग शैक्षणिक कर्जच काढावं लागतं. त्याच वेळी फी खरंच 8 टक्क्यांनं वाढतेय का तेही बघा, नसेल तर 18 चा आकडाच बदला.

टॅक्सचं एक राहिलं. इक्विटी फंड वर्षाच्या वर ठेवून विकला की आजच्या नियमानं वर्षाला 1.25 लाखापर्यंतचा नफा माफ, त्याच्या वरच्या नफ्यावर 12.5 टक्के टॅक्स. वरच्या हिशोबात तुमचे भरलेले पैसे साडेनऊ लाखाच्या आत आणि नफा 8.7 लाख, सगळं एकाच वर्षी विकलं तर 93 हजाराच्या आसपास टॅक्स जाईल. म्हणून शेवटच्या तीन वर्षांत थोडंथोडं काढत सुरक्षित ठिकाणी न्या, दरवर्षीची माफी वापरली जाते आणि बाजाराची भीतीही कमी होते. तसंही फी चार वर्षांत विभागून भरायची असते, एकदम 20 लाख पहिल्याच दिवशी लागत नाहीत.

सुकन्याचं कोणी सांगितलं तर मुलगी दहाच्या आत आहे म्हणून खातं उघडता येतं, पण शिक्षणासाठी त्यातले निम्म्यापर्यंतच काढता येतात, तेही मुलगी 18 ची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर. म्हणून तिथं टाकलेल्या पैशातला निम्माच भाग या 18 लाखात धरा.